एक जूनचे शून्य

पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता हवामानकेंद्राचा निरीक्षक पर्जन्यमापकाचे झाकण काढतो, आतल्या बाटलीत साचलेले पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ कोणत्या रेषेला टेकला आहे ते पाहतो, आणि तो आकडा नोंदवहीत लिहून पाणी ओतून देतो. पर्जन्यमापकाच्या मुखाचे क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर असेल, तर वीस घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. इतक्या साध्या हिशेबावर, आणि इतके थोडे पाणी इमानाने मोजण्यावर, पुढचा सारा डोलारा उभा असतो. परभणी जिल्ह्याच्या महसुली दप्तरात, कृषी विभागाच्या दैनिक तक्त्यात आणि हवामानखात्याच्या संकेतस्थळावर ‘आजअखेर पाऊस’ या शीर्षकाखाली जो आकडा येतो, तो एक जूनपासून रोजच्या अशा आकड्यांत आजचा आकडा मिळवीत गेल्याने सिद्ध झालेला असतो. आणि त्याच आकड्यांची रेघ कागदावर काढली म्हणजे होतो तो संचित पावसाचा आलेख, ज्याची रेघ वर चढते किंवा आडवी राहते, परंतु खाली कधीच येत नाही.

या रेघेचा आरंभ शून्यापासून होतो, आणि ते शून्य एक जूनला लिहिले जाते. भारतीय हवामानखात्याने वर्षाचे चार ऋतू कल्पिले आहेत : जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमीपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमोत्तर काळ. प्रत्येक ऋतूच्या आरंभी मागील गोळाबेरीज पुसून नवी सुरू होते. आपल्याकडे वर्षाच्या पावसाचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्याने लोकांच्या लक्षात राहते ते एक जूनचेच शून्य. पावसाच्या आगमनाबरोबर हिशेब नव्याने सुरू करण्याची ही रीत या मुलखाला काही परकी नाही. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदपत्रांतून आढळणारा शुहूर सन सूर्याच्या मृगनक्षत्रातील प्रवेशाने बदलत असे, व म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणत. शेतकऱ्याच्या मनातले वर्ष अजूनही मृगालाच, म्हणजे सात-आठ जूनच्या सुमारास, उजाडते. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून तेथील जलखात्याचा उत्तर सिएरा पर्वतातील आठ केंद्रांचा असाच आलेख एक ऑक्टोबरला शून्यावर येतो. तात्पर्य, वर्षाचा सांधा कोठे पाडायचा हे पंचांगाने नव्हे, तर त्या त्या प्रदेशाच्या पावसाने ठरवावयाचे असते. आणि सांधा सर्वांत कोरड्या काळात पडला, म्हणजे तो कोणाला खुपत नाही.

खुपतो तो २०२५ सारख्या वर्षी. त्या वर्षी मोसमी वारे २४ मे रोजीच केरळात पोहोचले, २६ मे रोजी मुंबईत आले, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ऐन मे महिन्यात इतका पाऊस झाला की नांगरटी आणि पाळ्या अर्धवट राहिल्या. पुढे मोसमी वाऱ्यांची वाटचाल खोळंबली ती जूनच्या मध्यापर्यंत. आता एक जूनला शून्यावर आणलेल्या आलेखाकडे पाहणाऱ्याला मे महिन्यातला तो पाऊस दिसणारच नाही. त्याला दिसेल ती जूनच्या पंधरवड्यात सरासरीच्या खाली रेंगाळणारी रेघ. वास्तविक जमिनीच्या पोटात ओल होती, विहिरींना थोडेफार पाणी सुटले होते, आणि तरीही वरचा थर सुकत चालला होता. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आलेखाबाहेर राहिल्या आणि तिसरी तेवढी आत आली. शून्य ही केवळ हिशेबाची सोय आहे. एक जूनला जमीन काही कोरडीठाक होऊन नव्याने आरंभ करीत नाही.

सांध्यापाशी आणखी एक बारकावा आहे. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहितात, मग तो आदल्या दिवशी दुपारी पडलेला का असेना. ३१ मेच्या रात्री दहा वाजता वळवाची जोरदार सर आली, तर ती एक जूनच्या रकान्यात जाते आणि मोसमी पावसाच्या खात्यात जमा होते. एक जूनला सकाळी दहा वाजता पडलेला पाऊस दोन जूनचा ठरतो, आणि ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी गोदाकाठी कितीही कोसळला तरी तो एक ऑक्टोबरच्या, म्हणजे मोसमोत्तर काळाच्या नावे पडतो. काल तर दिवसभर पाऊस होता आणि तक्त्यात कालच्या तारखेला शून्य कसे, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी दुसऱ्या दिवसाचा रकाना पाहावा. बहुतेक तक्रारींचे उत्तर तेथेच मिळते.

आता आलेखातील दुसऱ्या रेघेविषयी. संचित पावसाच्या रेघेशेजारी एक संथ, डौलदार वळणाची रेघ काढलेली असते, ती सरासरीची. अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन प्रत्येक तारखेचा सरासरी पाऊस काढतात आणि तोही एक जूनपासून मिळवीत जातात. हवामानखात्याने २०२२ पासून १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांचा आधार स्वीकारला आहे. त्यापूर्वी तो १९६१ ते २०१० असा होता. परभणी जिल्ह्याची जून ते सप्टेंबरची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या किंचित पुढे आहे, आणि कोणत्या काळाचा व कोणत्या केंद्रांचा आधार घेतला यावर ती थोडी मागेपुढे होते. म्हणून एकाच दिवशी दोन खात्यांचे शेकडे निरनिराळे आले, तर कोणी खोटे बोलत आहे असे समजण्याआधी दोघांचे छेद तपासावेत. सरासरीच्या रेघेबद्दल ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट ही की ती जशी दिसते तसा पाऊस कोणत्याच वर्षी पडत नाही. पन्नास वर्षांच्या झडी आणि उघडिपी एकमेकींवर पसरून तिच्या कडा झिजलेल्या असतात. प्रत्यक्ष वर्षाची रेघ मात्र जिन्यासारखी असते : दोन दिवसांत एक उंच पायरी, मग आठ दिवस सपाटी, पुन्हा पायरी. या जिन्याने त्या गुळगुळीत रेघेला चार महिन्यांत अनेकदा खालून-वरून ओलांडावे हेच स्वाभाविक. केवळ आज तो खाली आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जूनच्या आरंभी तर शेकडा हा आकडा निव्वळ फसवा असतो. सात जूनपर्यंतची सरासरीच मुळी वीस-पंचवीस मिलिमीटरांच्या घरातली. तेथे मृगाची एक चाळीस मिलिमीटरची सर पडली की ‘सरासरीच्या पावणेदोनशे टक्के’ असा मथळा तयार होतो, आणि ती शेजारच्या मंडळावर पडून हे मंडळ कोरडे राहिले की ‘नव्वद टक्के तूट’. तेच चाळीस मिलिमीटर सप्टेंबरअखेर साडेसातशेंच्या छेदावर पाच-साडेपाच टक्क्यांचे ठरतात. यास्तव जूनचा पहिला पंधरवडा तरी शेकड्याकडे न पाहता सरळ मिलिमीटर पाहावेत. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषिविद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात. परंतु आलेखाने शंभराची रेषा ओलांडली म्हणजे तेवढी ओल जमिनीत आहे, असा अर्थ त्यातून काढणे चूक होईल. पाच-पाच मिलिमीटरचे वीस शिरवे पडूनही बेरीज शंभर होते, पण त्यांतला पुष्कळसा भाग जूनच्या उन्हात उडून गेलेला असतो. आलेख फक्त जमा सांगतो. खर्चाचा रकाना त्याला नाहीच.

या खर्चाच्या अभावाने केवढा घोटाळा होतो, ते एका कल्पित मंडळाच्या हिशेबावरून पाहू. परभणीच्या सरासरीशी जुळतील असे गोल आकडे घेऊ : जून १४०, जुलै २१०, ऑगस्ट २२० आणि सप्टेंबर १८०, एकूण ७५० मिलिमीटर. समजा, मंडळात जूनमध्ये १५० आणि जुलैत २४० मिलिमीटर पाऊस झाला. जुलैअखेर आलेख ३९० वर, सरासरी ३५० वर. म्हणजे शंभरास एकशे अकरा. शेतकरी खूश, अधिकारी निश्चिंत. मग ऑगस्टात पावसाने ओढ दिली आणि महिनाभरात अवघे ३० मिलिमीटर पडले. ऑगस्टअखेर रेघ ४२० वर, सरासरी ५७० वर. म्हणजे २६ टक्के तूट. हवामानखात्याच्या वर्गवारीत सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत ‘सामान्य’ आणि उणे २० ते उणे ५९ पर्यंत ‘अपुरा’ असे गणले जात असल्याने मंडळ आता ‘अपुऱ्या’त गेले. पुढे सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत १९० आणि उरलेल्या महिन्यात १२० मिलिमीटर पाऊस झाला. ३० सप्टेंबरला रेघ ७३० वर, म्हणजे सरासरीच्या सत्त्याण्णव टक्क्यांवर टेकली. दप्तरी गोषवाऱ्यात ‘पाऊस सामान्य’ एवढे दोनच शब्द उरले.

शिवारात काय झाले? जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेरलेले सोयाबीन, मग ते परभणीच्याच कृषिविद्यापीठाचे एमएयूएस ७१ असो वा दुसरे कोणते, ऑगस्टात फुलावर येते आणि शेंगा धरते. त्या दिवसांत पीक आणि जमीन मिळून रोज चार-साडेचार मिलिमीटर पाणी उडवतात. आलेखात बावीस दिवस रेघ आडवी पडली, की नव्वद ते शंभर मिलिमीटरचा खर्च झाला असे समजावे. गोदावरी-दुधनाकाठच्या खोल काळ्या जमिनीच्या पोटात एवढी शिल्लक असू शकते, आणि पीक कसेबसे तग धरते. जिंतूरकडच्या डोंगरउताराच्या हलक्या, मुरमाड जमिनीत पन्नास-साठ मिलिमीटरच्या वर ओल राहतच नाही, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी फुले गळू लागतात. सप्टेंबरचे १९० मिलिमीटर या गळालेल्या फुलांना परत आणीत नाहीत. उलट नदीकाठच्या उभ्या कपाशीत पाणी तुंबवतात. एकाच आलेखावर दोन जमिनींचे निकाल निराळे लागतात, आणि अंतिम बेरीज या दोहोंपैकी एकीविषयीही काही सांगत नाही. म्हणून माझ्या मते संचित आलेखात शेवटचा बिंदू सर्वांत कमी महत्त्वाचा. पाहावयाची ती सपाटीची लांबी, आणि ती पिकाच्या कोणत्या वयात आली ती तारीख. तीन-चार आठवड्यांचा पावसाचा खंड हा दुष्काळ ठरविण्याच्या शासकीय निकषांतही याच कारणास्तव स्वतंत्रपणे धरलेला आहे.

वरील हिशेब कल्पित असला तरी त्याचे दोन्ही तुकडे जिल्ह्याने अलीकडेच अनुभवले आहेत, मात्र वेगवेगळ्या वर्षी. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि मराठवाड्याच्या आलेखात त्या महिन्याची रेघ जवळजवळ आडवी आहे. २०२४ मध्ये एक आणि दोन सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात असा पाऊस कोसळला की परभणी जिल्ह्यातील बहुतेक मंडळांत अतिवृष्टी नोंदली गेली आणि आलेखाने एकाच वेळी जिन्याची सर्वांत उंच पायरी चढली.

इथवर रेघेचे वाचन झाले. आता ती रेघच चुकीची असेल तर? मोजणी पूर्वी तालुक्याच्या कचेरीत, पुढे मंडळाच्या गावी हातानेच होत असे. २०१७ नंतर महावेध प्रकल्पातून राज्यभर महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामानकेंद्रे उभी राहिली. परभणीसारख्या नऊ तालुक्यांच्या जिल्ह्यात मंडळे पन्नासाच्या पुढे आहेत. या केंद्रांत बाटली नसते. नरसाळ्यातून उतरणारे पाणी दोन जुळ्या पाळ्यांच्या झुलत्या पात्रात पडते; एक पाळे ठरावीक मात्रेने, म्हणजे मिलिमीटरच्या लहानशा अंशाने, भरले की झोका घेऊन रिकामे होते, दुसरे पुढे येते, आणि प्रत्येक झोक्याला एक विद्युत्संकेत जातो. संकेत मोजले म्हणजे पाऊस मोजला. यंत्र सुबक आहे, परंतु पाऊस धो-धो पडू लागला की पाळे उलटण्याच्या त्या क्षणार्धात वरून येणारे पाणी बेहिशेबी जाते. त्यामुळे नेमक्या मोठ्या पावसातच ते थोडे कमी मोजते.

त्याहून वाईट म्हणजे नरसाळे तुंबणे. लिंबाची पाने, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचे जाळे यांपैकी काहीही पुरते. छिद्र पूर्ण बंद झाले तर भर पावसात रेघ आडवी राहते. अर्धवट बंद झाले, तर निदान करण्यास मोठी मौज आहे. रात्री तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडून आकाश मोकळे झालेले असते, पण नरसाळ्यात अडकलेले पाणी थेंबथेंब झिरपत राहते आणि तासवार नोंदीत सकाळी ऊन पडल्यावरही ‘पाऊस’ चालूच दिसतो : एकसारखा, मंद, न थांबणारा. खऱ्या पावसाचा जोर सतत कमी-अधिक होत असतो; इतका समगती पाऊस आभाळातून येत नाही. अशा वेळी शेजारची चार केंद्रे पाहावीत. तेथे पाऊस दोन वाजता थांबला आणि येथे नऊपर्यंत चालला, तर केंद्रावर माणूस पाठवून नरसाळे साफ करावे.

एका केंद्राची चूक मुरलेली आहे की तात्पुरती, हे ओळखण्याची जलशास्त्रातली जुनी युक्ती अशी. शेजारच्या चार-पाच केंद्रांच्या संचित पावसाची सरासरी आडव्या अक्षावर आणि संशयित केंद्राचा संचित पाऊस उभ्या अक्षावर मांडायचा. सर्व ठीक असेल तर बिंदू साधारण सरळ रेषेत येतात. केंद्राची जागा बदलली, जवळचे झाड वाढून मुखावर आडोसा आला, किंवा नरसाळे अर्धवट तुंबले, तर ज्या तारखेला हे घडले तेथे रेषा मोडते आणि पुढे निराळ्या चढाने जाते. एखाद्या दिवसाचा मोठा पाऊस एकाच मंडळावर पडल्याने बिंदू उडी घेतो, पण पुढचा चढ पूर्ववत राहतो. स्थानिक पाऊस आणि बिघडलेले यंत्र यांतला भेद इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशाने क्वचितच दिसतो.

अशी दक्षता संचित आलेखातच विशेष लागते याचे कारण त्याची स्मृती. रोजच्या पावसाच्या तक्त्यात बारा जुलैचा चुकीचा आकडा बारा जुलैपुरता राहतो. संचित रेघेत तो ३० सप्टेंबरपर्यंत दर दिवसाच्या आकड्यात शिरून बसतो. संपर्क तुटल्यामुळे तीन दिवस माहिती आली नाही आणि त्या जागी कोऱ्या रकान्याऐवजी शून्य लिहिले गेले, तर त्या तीन दिवसांत साठ मिलिमीटर पडले असल्यास रेघ पुढे कायम साठने खाली चालते, आणि पाहणारा त्याला खंड समजतो. माहिती नसणे आणि पाऊस नसणे या दोन गोष्टी कागदावर निराळ्या दिसल्याच पाहिजेत. मी तर म्हणेन की अशा ठिकाणी रेघ तुटक काढावी, सलग काढूच नये.

उलट प्रकारही होतो. हाताने मोजण्याच्या केंद्रावर रविवारी कोणी फिरकले नाही आणि सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले, तर चाळीस अधिक तीस असा पाऊस सोमवारच्या नावे सत्तर होतो. संचित बेरीज अगदी बरोबर, परंतु चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर गेल्यामुळे मंडळ अतिवृष्टीच्या यादीत जाते आणि पंचनाम्याची मागणी रास्त वाटू लागते. शेजारच्या मंडळांच्या रविवारच्या नोंदींशी रुजुवात घातली की हा प्रकार तत्काळ उमगतो.

दुरुस्तीचीही एक रीत आहे आणि तिच्यात पुष्कळ ठिकाणी कसूर होते. बारा जुलैचा आकडा वीस जुलैला दुरुस्त झाला, आणि तक्ता करणारा कालच्या बेरजेत आजचा पाऊस मिळविण्याच्या सवयीचा असला, तर तो ती दुरुस्ती वीस जुलैलाच मिळवतो. आलेखात वीस तारखेला न पडलेल्या पावसाची पायरी उभी राहते. म्हणून दररोज बेरीज एक जूनपासून पुन्हा करावी. यंत्राला त्याचे काही श्रम नाहीत. मग काल पाहिलेली रेघ आज मागच्या तारखांसह किंचित सरकलेली दिसते, आणि लोक आकडे बदलल्याची कुरकुर करतात. परंतु चालू हंगामाचे आकडे तात्पुरतेच असतात.

मंडळाच्या आलेखाला आणखी एक मर्यादा आहे, ती यंत्राची नव्हे, वयाची. नव्या केंद्राला स्वतःची तीस-पन्नास वर्षांची नोंद नसल्याने तुलनेसाठी तालुक्याची किंवा जिल्ह्याची जुनी सरासरी उसनी घ्यावी लागते. गंगाखेड आणि पालमच्या दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर आहेत, पाथरी-मानवतकडे सपाट मैदान. एकाच तालुक्यातही दोन मंडळांचा स्वाभाविक पाऊस सारखा असेलच असे नाही. त्यामुळे एखादे मंडळ सलग पाच वर्षे ‘तुटीत’ दिसत असेल, तर त्याची तूट खरी आहे की त्याला उसनी दिलेली रेघच त्याच्या मापाची नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर केंद्राची स्वतःची नोंद साठल्यावरच निघेल.

एक ऑक्टोबरला नव्या रकान्यात पुन्हा शून्य लिहिले जाते. मात्र सूर्य हस्तातून चित्रेकडे जात असता पडणारा पाऊसच रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला ओल पुरवतो, आणि काढून ढीग घातलेल्या सोयाबीनला भिजवतो. पूर्णेवरच्या येलदरी धरणातला साठा त्या तारखेला शून्यावर येत नाही. जुलैचे पाणी आणि ऑक्टोबरचे पाणी तेथे एकच असते. रब्बीचा बेत करणाऱ्याने म्हणून जूनपासूनची जुनी रेघ तशीच पुढे, ऑक्टोबरअखेरपर्यंत, स्वतःच्या वहीत चालवीत राहावे, आणि तिच्या शेजारी निदान शेवटचे तीस दिवस वेगळे मोजावेत. पेरणीच्या दिवशी वरच्या हातभर मातीत वापसा आहे की नाही, याचा अंदाज चार महिन्यांच्या बेरजेपेक्षा त्या तीस दिवसांवरून अधिक बरोबर येतो.